मेटा डिस्क्रिप्शन: टायटलच परत, उत्सुकता ताणणारं की थेट उत्तराचं?

एकच पेज घेऊ म्हणजे फरक नीट दिसेल. टायटल आहे "लॅपटॉपवर पाणी सांडलं? लगेच काय करायचं". आता सर्च रिझल्टमध्ये याच्याखाली दिसणाऱ्या मेटा डिस्क्रिप्शनमध्ये काय लिहायचं?

पहिला प्रकार म्हणजे "लॅपटॉपवर पाणी सांडलं तर लगेच काय करायचं ते जाणून घ्या". हे सगळ्यात जास्त दिसतं आणि मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण वरची ओळच खाली परत आली, वाचणाऱ्याला नवीन काहीच कळलं नाही. यापेक्षा रिकामं सोडलेलं परवडतं, निदान गूगल पेजमधलं एखादं कामाचं वाक्य तरी उचलेल.

दुसरा: "ही एक चूक केलीत तर लॅपटॉप कायमचा गेला! कोणती ते आत वाचा". यावर क्लिक येतातही, खोटं कशाला बोलू, पण समोरचा माणूस घाबरलेला आहे, हातात ओला लॅपटॉप आहे, त्याला ती चूक चार पॅराग्राफ खाली सापडली किंवा सापडलीच नाही तर तो मागे जाऊन पुढचा रिझल्ट उघडणार. सीटीआर, म्हणजे रिझल्ट दिसल्यावर क्लिक होण्याचं प्रमाण, वाढला पण पेज कुणी वाचलंच नाही.

तिसरा, मी हाच घेतला असता:

```html
<meta name="description" content="आधी चार्जर काढा, पॉवर बटण दाबून धरून बंद करा. हेअर ड्रायर नको. बॅटरी निघत नसेल तर काय, किती वेळ सुकवायचं, दुरुस्तीला कधी न्यायचं ते क्रमाने.">
```

लोक म्हणतात सगळं इथेच सांगितलं तर क्लिक कोण करेल? पण सगळं सांगितलेलं नाहीये, पहिली पायरी दिली आणि पुढे काय मिळेल ते सांगितलं. पहिली पायरी बरोबर वाटली की पुढच्यासाठी माणूस आत येतो. अट एकच, न निघणाऱ्या बॅटरीबद्दल पेजवर खरंच लिहिलेलं पाहिजे, नसेल तर तो तुकडा काढा किंवा आधी पेजवर लिहा.

लांबीला पक्की मर्यादा नाही, स्क्रीनच्या रुंदीप्रमाणे कापलं जातं आणि मोबाईलवर लवकर कापलं जातं, म्हणून कामाचं पुढे, बाकीचं मागे. आणि डिस्क्रिप्शनने रँकिंग वाढत नाही, गूगलने हे स्पष्ट सांगितलंय, फायदा झालाच तर क्लिकमध्ये.

बदल केल्यावर आधी स्वतः सर्च करून बघा तुमचंच वाक्य दिसतंय का, कारण गूगल सर्चप्रमाणे पेजमधला दुसरा मजकूरही दाखवतं, आणि तसं होत असेल तर तुमच्या बदलाचा आकड्यांशी संबंधच नाही. दिसत असेल तर गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये त्या पेजचे आधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८ दिवस शेजारी ठेवा, तेही एकाच क्वेरीसाठी. अ‍ॅव्हरेज पोझिशन ८ वरून ४ वर आली असेल तर सीटीआर तसाही वाढला असता, त्याचं श्रेय डिस्क्रिप्शनला देऊ नका. पोझिशन जवळपास तीच असून सीटीआर वाढला आणि लोक पेजवर थांबतायत, तर ते वाक्य ठेवा.