ॲडेंडमची नवी पद्धत : नऊ महिने वापरल्यानंतर

मी रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर सीटी आणि एमआरआय वाचते. रिपोर्टमध्ये चूक सापडली तर पुढे काय करायचं याची आमच्या डिपार्टमेंटमधली पद्धत नऊ महिन्यांपूर्वी बदलली. तेव्हापासून मी ती रोज वापरतेय, आणि मधे एक केस माझ्याच चुकीची निघाली, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी दोन शब्द सांगते. रिपोर्टवर सही झाली की तो लॉक होतो, त्यातलं अक्षरही नंतर बदलता येत नाही आणि बदलता येऊही नये. नंतर काही सुधारायचं असेल तर तारीख, वेळ आणि नाव टाकून त्याच रिपोर्टला पुरवणी जोडायची, ती ॲडेंडम. आणि पहिल्या वाचणाऱ्याने एक लिहिलं, दुसऱ्याला त्याच इमेजमध्ये वेगळं दिसलं, की ती डिस्क्रिपन्सी. प्रत्येक डिस्क्रिपन्सी म्हणजे चूक नसते, काही वेळा दोघांची मतं खरंच वेगळी असू शकतात.

पूर्वी आमच्याकडे मार्क द्यायची पद्धत होती, रॅडपीअर नावाची, बऱ्याच ठिकाणी अजून आहे. समोर आलेला जुना स्कॅन बघायचा आणि जुन्या रिपोर्टला 1, 2 किंवा 3 द्यायचे, 1 म्हणजे सहमत, 2 म्हणजे कुणाच्याही हातून सुटू शकलं असतं असं, 3 म्हणजे दिसायला हवं होतं असं. झालं असं की सगळे सगळ्यांना 1 देत होते. शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला 3 कोण देणार? चुका होतच होत्या, पण कागदावर येत नव्हत्या.

आता मार्क नाहीत. रोजच्या कामात जुना स्कॅन कंपेअर करताना काही वेगळं दिसलं की स्कॅन बघायच्या सिस्टीमवर, म्हणजे पॅक्सवरच, एक बटण आहे, ते दाबून दोन ओळी लिहायच्या. तिथून दोन वाटा फुटतात. एक वाट महिन्याच्या मीटिंगकडे जाते, तिथे नाव झाकून केस दाखवतात आणि का सुटलं यावर बोलतात. दुसरी वाट पेशंटकडे, म्हणजे ॲडेंडम, फोन आणि रजिस्टर, आणि ती त्याच दिवशी सुरू करायची. मला या पद्धतीतली हीच गोष्ट सगळ्यात जास्त पटली, कारण पूर्वी "मीटिंगमध्ये बघू" म्हणत पेशंटचं काम पण मीटिंगपर्यंत थांबायचं.

आता माझी केस. 58 वर्षांचे गृहस्थ, पूर्वी सिगरेट ओढायचे. रात्री कमरेत जबरदस्त कळ आली म्हणून इमर्जन्सीत आले आणि किडनी स्टोनसाठीचा साधा सीटी झाला. डाव्या युरेटरमध्ये, म्हणजे मूत्रवाहिनीत, खाली 5 मिमीचा खडा अडकलेला होता, किडनी थोडी फुगलेली होती. दुखण्याचं कारण मिळालं, मी रिपोर्ट लिहिला, सही केली. आठ महिन्यांनी त्यांना परत कळ आली, परत तसाच सीटी झाला, तो माझ्या सहकाऱ्याने वाचला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात 11 मिमीची गाठ. त्याने जुना स्कॅन उघडला, तर चौथ्याच इमेजवर तीच गाठ, 7 मिमीची. आणि माझ्या रिपोर्टमध्ये फुफ्फुसाबद्दल एक शब्द नाही.

पोटाचा सीटी असला तरी पहिल्या काही इमेजमध्ये फुफ्फुसाचा तळ येतो, कारण किडनीच्या वरून सुरुवात करावी लागते. पण तो भाग नीट बघायचा तर स्क्रीनवर फुफ्फुसासाठीची उजेड-काळोखाची सेटिंग, म्हणजे लंग विंडो, लावावी लागते. पोटाच्या विंडोत फुफ्फुस काळंकुट्ट दिसतं आणि त्यातली छोटी गाठ लक्षातही येत नाही. मी त्या रात्री लंग विंडो लावलीच नव्हती. शिवाय खडा सापडला होता, आणि एक उत्तर सापडलं की डोळा पुढचं शोधायचं बंद करतो, हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असलेलं कारण आहे. माहीत असूनही होतं. रेडिओलॉजिस्ट लिओ हेन्री गार्लंड यांनी 1949 मध्ये छातीच्या एक्स-रेंबद्दल दाखवून दिलं होतं की दोष असलेल्या फिल्मांपैकी साधारण 30 टक्के अनुभवी वाचणाऱ्यांच्याही नजरेतून सुटतात. यात दिलासा शोधायचा नाहीये मला. मुद्दा एवढाच की "जास्त लक्ष दे" हा उपाय पुरत नाही, म्हणून आता स्टोनच्या टेम्पलेटमध्येच "फुफ्फुसाचा तळ" अशी रिकामी ओळ आहे आणि ती भरल्याशिवाय सही होत नाही.

सहकाऱ्याने बटण दाबायच्या आधी मला फोन केला. "तुझा जुना रिपोर्ट आहे, चौथी इमेज बघ." मी बघितली, पोटात गोळा आला. मग ॲडेंडम मीच लिहिला. रिपोर्ट इंग्रजीत असतात, मजकूर मराठीत सांगायचा तर असा होता: "नव्या स्कॅनशी तुलना करताना हा स्कॅन परत पाहिला. उजव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात 7 मिमीची घन गाठ आहे, इमेज 4. मूळ रिपोर्टमध्ये तिचा उल्लेख नाही. नव्या स्कॅनमध्ये ती 11 मिमी आहे. पूर्ण छातीचा सीटी आणि छातीच्या तज्ज्ञांचा सल्ला आवश्यक. ही माहिती उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आज 11.40 ला फोनवर दिली."

बघा, यात "मागे वळून पाहता अस्पष्ट दिसते" असलं काही नाही. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी तेच लिहिलं होतं आणि सहकाऱ्याने खोडायला लावलं, कारण ती ओळ पेशंटसाठी नसून माझ्या बचावासाठी होती. तसंच उलट्या बाजूनं "गंभीर चूक झाली" असंही लिहायचं नाही, ॲडेंडममध्ये फक्त काय दिसतंय, कुठे, मूळ रिपोर्टमध्ये काय होतं, आता काय करायचं आणि कुणाला कधी कळवलं, एवढंच. शेवटची ओळ आधी फोन करून मगच लिहायची, "कळवण्यात येईल" असं चालत नाही.

फोनचं काम मात्र वाटतं तितकं सोपं नसतं. जुना स्कॅन ज्या इमर्जन्सी डॉक्टरांनी सांगितला होता ते तिथून कधीच सोडून गेले होते. जुन्या पद्धतीत ॲडेंडम त्यांच्याच इनबॉक्समध्ये जाऊन पडला असता आणि सिस्टीमने "पाठवला" असं दाखवलं असतं. आता नियम असा आहे की आत्ता पेशंटला जो बघतोय त्याच्याशी बोलायचं, त्याने ऐकलेलं परत सांगायचं, आणि रजिस्टरमध्ये ओळ उघडी ठेवायची. ॲडेंडम गेला म्हणून ओळ बंद होत नाही, पुढची तपासणी झाली की मगच बंद. युरोलॉजिस्टने फोन घेतला, परत सांगितलं, आणि म्हणाले, "मॅडम, हे त्यांना मी सांगतो, पण तुम्ही सोबत बसाल का? फुफ्फुसाचं विचारलं तर मला नीट सांगता येणार नाही."

बसले. पेशंट आणि त्यांची मुलगी होती. युरोलॉजिस्टने खड्याचं सांगितलं आणि मग मी बोलले. "काका, आठ महिन्यांपूर्वीच्या तुमच्या स्कॅनमध्ये फुफ्फुसात एक छोटी गाठ दिसत होती. तो रिपोर्ट मी लिहिला होता आणि ती माझ्याकडून सुटली. त्याबद्दल मी तुमची माफी मागते. आता ती मोठी झालीय, म्हणून लगेच पुढची तपासणी करायचीय." एवढं बोलून गप्प बसले. ते गप्प बसणं फार कठीण असतं, लगेच स्पष्टीकरण द्यावंसं वाटतं.

मुलीने विचारलं, "4 मिमीच वाढलीय ना, मग एवढी घाई का?" प्रश्न अगदी बरोबर होता. गाठ सगळ्या बाजूंनी वाढते, म्हणून व्यास 7 वरून 11 झाला की आकारमान जवळजवळ चौपट होतं. आठ महिन्यांत चौपट म्हणजे साधारण दर चार महिन्यांनी दुप्पट, आणि घन गाठ या वेगाने वाढली तर कॅन्सरचा विचार करावाच लागतो. कॅन्सरच आहे असं मात्र त्यावरून ठरत नाही, हे पण सांगितलं.

मग काकांनी विचारलं, "तेव्हाच कळलं असतं तर?" याचं खरं उत्तर गुंतागुंतीचं आहे. पोटाच्या स्कॅनमध्ये 6 ते 8 मिमीची गाठ अचानक सापडली तर फ्लाइश्नर सोसायटी या छातीच्या इमेजिंगच्या तज्ज्ञांच्या संस्थेच्या 2017 च्या गाइडलाइनप्रमाणे धोका बघून 3 ते 12 महिन्यांनी पूर्ण छातीचा सीटी करतात. त्यांच्यासारख्या सिगरेट ओढलेल्या माणसाचा मी लवकर सांगितला असता. मी म्हटलं, "बहुतेक काही महिने आधी कळलं असतं. त्याने उपचारात फरक पडला असता का हे मला आज नक्की सांगता येणार नाही, पुढच्या तपासण्यांनंतर परत बोलू." गाइडलाइनचं मी विचारल्यावरच सांगितलं. पहिल्या वाक्यात सांगितलं असतं तर तो बचाव झाला असता.

आता खटकणाऱ्या गोष्टी. सगळ्यात मोठी म्हणजे पेशंट पोर्टल. ॲडेंडम तिथे जुन्या रिपोर्टच्या अगदी तळाशी जातो, वर तोच जुना निष्कर्ष दिमाखात बसलेला असतो, आणि आठ महिने जुना रिपोर्ट कोण परत उघडून खालपर्यंत वाचतं? वर मोबाईलमध्ये सेव्ह केलेली पीडीएफ जुनीच राहते, तिला काही कळत नाही. काकांच्या मुलीकडे तीच होती आणि दुसऱ्या डॉक्टरांना ती तीच दाखवणार होती. आम्ही तिथेच नवी प्रिंट काढून दिली. आता सिस्टीमवाल्यांनी रिपोर्टच्या पहिल्या ओळीत "या रिपोर्टला पुरवणी आहे" असं यायला लावलंय, पण ते नव्या ॲडेंडमलाच लागू आहे. तुमच्याकडे एखादा रिपोर्ट असेल आणि त्यानंतर कुणी "स्कॅन परत पाहिला" असं म्हणालं असेल तर नवी प्रत मागून घ्या आणि सहीखाली दुसरी तारीख आहे का बघा.

दुसरं म्हणजे छोट्या चुका. डिक्टेशनमध्ये डावं-उजवं उलटं होणं, "फ्रॅक्चर नाही" मधला "नाही" गळणं, पित्ताशय काढलेल्या माणसाला टेम्पलेटमधून "पित्ताशय नॉर्मल" येणं. यांनाही तोच मोठा फॉर्म भरावा लागतो, म्हणून लोक कंटाळा करतात. पण डावं-उजवं ही छोटी चूक नाहीच, ऑपरेशन ठरलेलं असेल तर तिथे फोन मिनिटात जायला हवा. यासाठी चार ओळींचा वेगळा फॉर्म मागितलाय, अजून आलेला नाही.

मीटिंगमध्ये नाव झाकतात खरं, पण माझी केस आली तेव्हा मीच हात वर केला. त्यानंतरच्या महिन्यात दोघांनी स्वतःहून स्वतःच्या केसेस दिल्या.

काकांचा छातीचा सीटी चार दिवसांत झाला, मग पेट स्कॅन, मग ऑपरेशन. कॅन्सरच निघाला, लिम्फ नोडमध्ये नव्हता. मुलीला मी परत फोन केला, ठरल्याप्रमाणे, आणि "फरक पडला असता का" यावर आता जे सांगता येत होतं ते सांगितलं. रजिस्टरमधली त्यांची ओळ बंद झाली. माझ्या नावावर अजून दोन उघड्या आहेत, त्यातल्या एका पेशंटचा नंबर बदललाय, उद्या सकाळी त्यांच्या जुन्या डॉक्टरांकडून नवा मागायचाय.