दीडशे सीसीची गाडी, चौदा महिने आणि तेलाची ती काच

गाडीला चौदा महिने झाले आणि अकरा हजार किलोमीटर पूर्ण झाले. मायलेज, सीट, हेडलाइट यांविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलेले असल्यामुळे मी त्यांत शिरत नाही. गाडी चांगली आहे, एवढे म्हणून इंजिनाच्या उजव्या बाजूला, ब्रेकच्या पायडलामागे बसवलेल्या त्या रुपयाएवढ्या काचेविषयीच लिहितो, कारण तिच्यापायी मला इंजिन खोलण्याचा सल्ला मिळाला होता.

माझ्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीला तेल मोजण्यासाठी दांडी होती. ती पुसायची, आट्यांवर नुसती टेकवायची, पिळायची नाही, आणि बाहेर काढून पाहायची. नव्या गाडीत दांडीच्या जागी काच पाहून मला आनंद झाला होता, कारण आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात काळ्या मातीची जी धूळ उडते, तिच्यात तेलाचे झाकण जितके कमी उघडावे तितके बरे.

तिसऱ्या सर्व्हिसिंगला तालुक्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली. पुस्तिकेप्रमाणे तेल बदलताना एक लिटर लागते. बिलावर मात्र सव्वा लिटर होते. विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, "काकाजी, काचेत ऑइल दिसूनच नव्हतं राह्यलं, म्हणून टाकलं." पाव लिटरचे शंभर रुपये मला खटकले, पण गाडी नीट चालत होती म्हणून गप्प बसलो. आठवडाभरात एअर फिल्टरच्या डब्याखालच्या नळीतून तेलाचे थेंब पडू लागले आणि सकाळी गाडी सुरू करताना पांढरट धूर येऊ लागला. त्याच सेंटरमध्ये दाखवले तर पिस्टनच्या रिंगा गेल्या असाव्यात, इंजिन खोलून पाहावे लागेल, असे सांगण्यात आले. दहा महिन्यांच्या गाडीच्या रिंगा!

घरी येऊन काच पाहिली. ती काठोकाठ तपकिरी दिसत होती आणि तेलाची रेघ कुठेच नव्हती. या काचेचा पहिला मोठा दोष येथेच आहे. तेल काचेच्या वर गेले तरी रेघ दिसत नाही आणि काचेखाली गेले तरी दिसत नाही. वापरलेल्या तेलाचा पातळ थर आतून चिकटलेला असला, तर भरलेली काच आणि रिकामी काच सारख्याच दिसतात. त्यामुळे रेघ दिसली नाही म्हणून तेल ओतणे म्हणजे अंधारात पाणी ओतण्यासारखे आहे. खात्री करण्याचा उपाय सोपा आहे. गाडी स्टँडवरून काढून सरळ धरायची आणि हळूहळू डावीकडे कलवायची. काच उजव्या बाजूला असल्यामुळे तेल तिच्यापासून दूर डावीकडे जाते. या कलण्यात वरून रेघ उतरताना दिसली तर तेल जास्त होते. उलट उजवीकडे कलवल्यावर खालून रेघ चढली तर तेल कमी होते. मी गाडी धरली, मुलगी टॉर्च घेऊन काचेच्या उंचीवर डोळे आणून बसली, आणि डावीकडे बरेच कलवल्यावर रेघ उतरली. तेल नक्कीच जास्त होते.

मग सर्व्हिस सेंटरच्या मुलाला ते का दिसले नसावे, याचा विचार केला आणि उत्तर त्याच्या साइड स्टँडमध्ये सापडले. साइड स्टँडवर गाडी साधारण दहा-बारा अंश डावीकडे झुकते. काच इंजिनाच्या मध्यापासून सुमारे बारा सेंटिमीटर उजवीकडे आहे. एवढ्या झुकावात तिच्यासमोरची पातळी दोन सेंटिमीटरांहून अधिक खाली जाते, आणि अख्खी काचच तेवढ्या उंचीची आहे. म्हणजे तेल बरोबर असले तरी साइड स्टँडवर काच रिकामीच दिसणार. त्या स्थितीत रेघ दिसेपर्यंत तेल घातले की सरळ उभ्या गाडीत ते वरच्या खुणेच्या कितीतरी वर जाते. मग क्रँक त्या तेलाला घुसळतो, फेस होतो, आणि तेलाचे तुषार श्वासनळीवाटे एअर फिल्टरच्या डब्यात जातात. माझ्या गाडीचा धूर आणि नळीचे थेंब यांचे कारण हेच होते.

जास्तीचे तेल काढण्यासाठी खालचा ड्रेन बोल्ट उघडण्याची गरज नाही. जनावरांच्या औषधांच्या दुकानातून पन्नास मिलीची सिरिंज आणि सलाइनची नवी नळी आणली. कोमट इंजिनात भरण्याच्या तोंडातून नळी सोडून एकेक सिरिंज ओढत गेलो. चौथ्या सिरिंजेनंतर रेघ काचेत आली, पाचवीनंतर ती वरच्या खुणेच्या थोडी खाली बसली. एकूण अडीचशे मिली, म्हणजे बिलावरचे ते पाव लिटरच. फिल्टरचा डबा पुसून घेतला. धूर दोन दिवसांत थांबला आणि रिंगा जिथल्या तिथे राहिल्या.

येथपर्यंत माझे मत असे झाले होते की कंपनीने काच बसवून खेळ मांडला आहे आणि जुनी दांडीच बरी होती. ते मत पुढे बदलले, पण त्याआधी या काचेने मला आणखी एकदा छळले. मेन स्टँडवर लावून पाहिले तरी एके दिवशी रेघ खालच्या खुणेला टेकलेली, तर दुसऱ्या दिवशी वरच्या खुणेजवळ दिसे. तेल रात्रीतून वाढत तर नाही! शेवटी गवंड्याकडून पाणसळ आणून अंगण मोजले, तेव्हा पावसाचे पाणी जावे म्हणून दिलेला उतार मीटरला अडीच सेंटिमीटर निघाला. बारा सेंटिमीटर अंतरावर याने तीन मिलिमीटरचा फरक पडतो. गाडीचे तोंड पूर्वेला असले की काच चढाच्या बाजूला येऊन रेघ तीन मिलिमीटर खाली दिसते, पश्चिमेला केले की तितकीच वर. दोन खुणांमधील अंतरच जेमतेम दहा मिलिमीटर आहे. सपाट जागा नसेल तर म्हणून मी आता गाडी दोन्ही तोंडांनी लावून पाहतो आणि दोन्हींच्या मधली पातळी खरी धरतो. त्या दिवशी एकीकडे खालच्या खुणेवर दोन मिलिमीटर आणि दुसरीकडे आठ मिलिमीटर दिसले, म्हणजे तेल बरोबर मध्यावर होते. वावरात मऊ मातीत स्टँडचा एक पाय रुततो, तेथे पाहण्याची तसदीच घेऊ नये.

वेळेचाही प्रश्न आहे. इंजिन बंद करताक्षणी पाहिले तर बरेच तेल वर हेडमध्ये आणि क्लचच्या कव्हरमध्ये असते, म्हणून रेघ खाली दिसते. माझ्या पुस्तिकेत इंजिन काही मिनिटे चालवून, बंद करून, दोन-तीन मिनिटे थांबण्यास सांगितले आहे, आणि तुमच्या गाडीला तिच्याच पुस्तिकेचा नियम लागू होईल. रात्रभर उभ्या गाडीत माझी रेघ एखाद्या मिलिमीटराने वर असते, म्हणून सकाळच्या नोंदीची तुलना मी संध्याकाळच्या नोंदीशी करत नाही. तेल आणि फिल्टर एकदमच बदलले असतील, तर आधी इंजिन चालवावे, कारण रिकामा फिल्टर भरताना पातळी उतरते.

हे सारे जमल्यावर काच मला आवडू लागली, हे कबूल केले पाहिजे. झाकण न उघडता पाच मिनिटांत पातळी कळते. गेल्या अडीच हजार किलोमीटरमध्ये रेघ सुमारे दोन मिलिमीटर उतरली, एवढा खप चालण्यासारखा आहे आणि वरून तेल घालावे लागलेले नाही. ब्रेकच्या पायडलामागे काच लपवल्याबद्दलची माझी तक्रार मात्र कायम आहे. चिखलाने खुणा झाकल्या जातात आणि दर वेळी आधी फडका शोधावा लागतो.

गेल्या महिन्यातील सर्व्हिसिंगला मी शेजारीच उभा राहिलो आणि तेल भरण्याआधी गाडी मेन स्टँडवर लावून घेतली. मुलगा थोडा कुरकुरला, पण बिलावर एकच लिटर आले. सिरिंजने काढलेले पाव लिटर तेल बाटलीत ठेवले होते, ते कडबा कुट्टीच्या यंत्राला घालतो आहे, अजून निम्मे शिल्लक आहे.