फुटलेली स्क्रीन, 130 रुपयांचं ओटीजी आणि एक जुना माऊस: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

ओटीजी अडॅप्टर म्हणजे फोनच्या चार्जिंगच्या भोकात माऊस किंवा पेनड्राइव्ह लावता यावा म्हणून मध्ये घालायचा छोटा जोड. त्याचा अनुभव लिहावा इतकी ती मोठी वस्तू नाही, हे मान्य. पण जानेवारीपासून ते माझ्या ड्रॉवरमधून इतक्यांदा बाहेर निघालं की आता थोडं लिहावं असं वाटलं.

आम्ही बडोद्याचे, दांडिया बाजारातले. उत्तरायणच्या दिवशी दुपारी अगाशीवर आई फिरकी धरून उभी होती आणि तिचा फोन कठड्यावर ठेवला होता. कोणाचा तरी हात लागला आणि फोन खालच्या पत्र्यावर आदळून परत आमच्याच जिन्यात आला. उजव्या कोपऱ्यापासून काचेवर कोळ्याचं जाळं. फोन स्वतःच बंद होऊन परत सुरू झाला, कोपऱ्यातला नखाएवढा काळा डाग सोडला तर चित्र अगदी स्वच्छ, पण बोटाला दाद देईना. संक्रांतीचे फोन येत होते, पुण्याहून मावशीचा, ठाण्याहून आत्याचा, नंबर दिसत होते आणि एकही उचलता येत नव्हता. आईला त्याचाच जास्त त्रास झाला.

असं होतं कारण स्पर्श ओळखणारा थर आणि चित्र दाखवणारा थर ही दोन वेगळी कामं आहेत. काचेबरोबर स्पर्शाच्या बारीक तारा तुटतात, पण खालचं पॅनेल शाबूत राहू शकतं. फोनचा मेंदू आणि आतला डेटा याला तर काहीच झालेलं नसतं. फक्त हुकूम देण्याची वाट बंद झालेली असते. माऊस ती वाट उघडतो.

दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणलाही दुकानं बंद, म्हणून 16 तारखेला रावपुऱ्यात एका दुकानात गेलो. मुलगा म्हणाला, "टच गयो छे, डिस्प्ले सारी छे. आखो फोल्डर बदलवो पडशे." फोल्डर म्हणजे काच, टच आणि डिस्प्ले असा एकत्र भाग. 4,800 रुपये, आणि डेटाची जबाबदारी नाही. शिवाय तपासायला पॅटर्न सांगावा लागेल. आईचे फोटो, बँक, सगळं त्यात. मी त्याच्याकडूनच टाइप-सी ओटीजी घेतलं आणि घरी आलो. माऊस जुन्या कॉम्प्युटरचा, वायरवाला.

लावल्यावर सगळ्यात आधी माऊसच्या पोटाखालचा लाल दिवा बघा. तो लागला म्हणजे फोन वीज देतोय, आणि दोन सेकंदांत स्क्रीनवर बाण येतो. दिवाच लागला नाही तर तीनच शक्यता मला आढळल्या: अडॅप्टर खराब, पोर्टमध्ये कचरा, किंवा त्या फोनमध्ये ओटीजी सेटिंगमधून चालू करावं लागतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये ते मुळात बंद असतं आणि थोडा वेळ न वापरल्यास परत आपोआप बंद होतं. टच गेल्यावर ते चालू कसं करणार? शेजारच्या काकूंच्या फोनला नेमकं हेच झालं. नशिबाने त्यांच्या स्क्रीनचा वरचा अर्धा भाग अजून स्पर्श ओळखत होता, म्हणून वरून खाली ओढून तिथलं बटण सापडलं. नाहीतर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

माऊसने डावं बटण म्हणजे टॅप, दाबून धरून ओढलं की बोट फिरवल्यासारखं, चाक फिरवलं की यादी सरकते. आमच्या फोनवर उजवं बटण मागे नेतं, सगळ्या फोनवर तसं असेलच असं नाही.

पहिली अडचण मात्र फोनची नव्हती, आईची होती. फोन पडून परत सुरू झाला होता, आणि त्यानंतर पहिल्यांदा बोटाचा ठसा चालत नाही, पॅटर्नच लागतो. मी विचारलं, "आई, पॅटर्न काय आहे?" ती म्हणाली, "मला सांगता नाही येत रे, बोट जातं आपोआप." कागदावर नऊ ठिपके काढून दिले तर तिथेही अडली. शेवटी फोनच तिच्या हातात दिला, तिने बंद काचेवर बोट फिरवलं, आणि मी ते बघून माऊसने तसंच ओढलं. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा उघडलं. पाच वेळा चुकलं असतं तर 30 सेकंद थांबावं लागलं असतं, म्हणून घाई करू नये.

आता खरा मुद्दा, ज्यासाठी हे लिहितोय. माऊस चालतो, हे कोणीही सांगेल. अडचण ही की फोनला भोक एकच आहे. माऊस लावला तर कॉम्प्युटरची केबल लागत नाही. केबल लावली तर फोन नुसता चार्ज व्हायला लागतो आणि वर पट्टीवर विचारतो की फाइल द्यायच्या का, पण "हो" म्हणायला माऊस नाही! पहिल्या संध्याकाळी मी हे चार-पाच वेळा केलं असेन: केबल, माऊस, केबल, माऊस. केबल काढली की तो प्रश्नही नाहीसा. वर माऊस लावल्यावर चार्जिंगही बंद. सुरुवातीला बॅटरी 38 टक्के होती, स्क्रीन चालू ठेवून तासाभरात 24 वर आली.

सुटका सेटिंगमध्ये निघाली. फोनला आधीच सांगून ठेवता येतं की केबल लागली की विचारू नकोस, सरळ फाइल दाखव. About phone मध्ये Build number वर माऊसने सात वेळा क्लिक करायचं, पॅटर्न परत द्यायचा. मग System मध्ये Developer options नावाचं नवं दालन उघडतं. काही फोनमध्ये ते Additional settings मध्ये असतं. त्यात खाली Default USB configuration आहे, तिथे File transfer निवडायचं. बस. मग माऊस काढा, केबल लावा, आणि बाजूच्या बटणावरचा ठसा वापरून फोन उघडा. ठसा त्या बटणावर असेल तर टच लागतच नाही, आणि एकदा पॅटर्न दिलेला असल्यामुळे आता तो चालतो. कॉम्प्युटरवर फोन लगेच दिसला. चार्जही होत राहिला.

ज्यांचा ठसा काचेखाली आहे, त्यांचा काच फुटल्यावर भरवसा नसतो. काकूंचा तसाच होता. तेव्हा माऊसने त्यांच्या फोनचं कुलूपच काढलं, Screen lock मध्ये None. आधी बँकेची अॅप्स काढून टाकली आणि फोन घराबाहेर न्यायचा नाही असं बजावलं. काम झाल्यावर कुलूप परत लावलं.

कॉम्प्युटरवर तीन फोल्डर घेतले: DCIM, Pictures, आणि व्हॉट्सअॅपचे फोटो-व्हिडिओ, जे आता आत दडलेले असतात:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

हा तिसरा बरेच जण विसरतात, कारण वर WhatsApp नावाचा फोल्डर शोधतात आणि तो नसतो किंवा जुना असतो. आईचे 23 जीबी निघाले, त्यातले 14 इथले. सगळे एकदम ओढू नका. मी पहिल्यांदा ओढले तेव्हा मध्येच अडकलं आणि कुठपर्यंत गेलं ते कळेना. मग महिन्यांप्रमाणे थोडे थोडे घेतले, प्रत्येक वेळी दोन्हीकडची फाइलींची संख्या ताडून पाहिली.

कॉम्प्युटर नसेल तर साधा हब घेऊन त्यात माऊस आणि पेनड्राइव्ह दोन्ही लावता येतात. मी भाच्याच्या फोनसाठी तसं केलं. 32 जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेक FAT32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, तो फोनला चटकन कळतो, पण त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही. मुंजीचा अखंड व्हिडिओ तिथेच अडला. हार्ड डिस्क लावून पाहू नका, फोनची वीज तिला बरेचदा पुरत नाही.

व्हॉट्सअॅपचे संवाद हा Media फोल्डर नेऊन येत नाहीत. नवा फोन आणला तेव्हा त्यावर नंबर नोंदवून, दोन्ही फोन एकाच वायफायवर ठेवून, जुन्या फोनमध्ये Chats खाली Transfer chats निवडलं आणि नव्यावरचा क्यूआर जुन्याच्या कॅमेऱ्याने टिपला. कॅमेरा शाबूत होता हे महत्त्वाचं. आईचे सात वर्षांचे "शुभ सकाळ" सुखरूप पोचले. यातले निम्मे नसते पोचले तरी चाललं असतं, पण ते तिला सांगायची माझी हिंमत नाही.

अडॅप्टरबद्दल एक तक्रार. मी घेतलेलं बोटाच्या पेराएवढं, सरळ पोर्टमध्ये घुसणारं होतं. माऊसची वायर जड, ती हलली की त्याच्यावर ताण यायचा आणि बाण गायब. मार्चमध्ये ते ढिलं झालं आणि क्लिकच्या मध्येच कनेक्शन तुटायला लागलं. दुसरं घेतलं ते वीतभर वायरवालं, 170 रुपयांना. ते आजही घट्ट आहे. पहिल्यांदाच तसं घ्या.

आईचा जुना फोन फेकला नाही. माऊसनेच एक ब्लूटूथ माऊस जोडला, त्यामुळे पोर्ट चार्जिंगला मोकळं झालं, आणि तो फोन स्वयंपाकघरात भजनं लावायला राहिला. एकदा बॅटरी संपून बंद झाला तेव्हा मात्र पॅटर्न दिल्याशिवाय ब्लूटूथ माऊस जोडलाच जाईना. वायरवाला परत शोधावा लागला, म्हणून तो टाकून देऊ नका.

पावसाळ्यात नवीन त्रास सुरू झाला. ऑगस्टमध्ये फुटलेला टच स्वतःहून दाबला जायला लागला. बाण एकीकडे, क्लिक भलतीकडे, आणि एकदा तर पुण्याला मावशीला आपोआप फोन लागला. मेलेला टच परवडला, अर्धमेला नको, कारण त्याच्यापुढे माऊसचं काही चालत नाही. त्यात कोपऱ्यातला काळा डाग, जो जानेवारीत नखाएवढा होता, तो दर आठवड्याला पसरतोय. काकूंच्या फोनवर असाच डाग दोन दिवसांत पॅटर्नच्या ठिपक्यांवर चढला होता आणि शेवटचे ठिपके अंदाजाने ओढावे लागले. चित्र दिसेनासं झालं की माऊसचा उपयोग संपला, आणि आमच्यासारख्या स्वस्त फोनमधून केबलने टीव्हीवर चित्रही निघत नाही. म्हणून फोन पडला त्या दिवशीच, फार तर दुसऱ्या दिवशी, हे सगळं करून घ्या. दुकानदार रविवारनंतर या म्हणाला तरी.

गेल्या आठवड्यात डाग वरच्या घड्याळापर्यंत आला. आई म्हणाली, "राहू दे, वेळ मी भिंतीवर बघते. तू फक्त भजन लावून दे."