शेवटची फ्रेम उचलून पुढचा शॉट, की सरळ एक्स्टेंड? कुठं काय घ्यायचं

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधल्या एखाद्या दुकानाची रील करताय असं धरा. आठ सेकंदाची एआय क्लिप झालीय, कॅमेरा हळूहळू चपलेच्या वेणीकडं सरकतोय आणि हाच शॉट पुढं न्यायचाय. मग दोन रस्ते आहेत.

पहिला म्हणजे शेवटची फ्रेम काढायची आणि इमेज-टू-व्हिडिओला सुरुवातीची इमेज म्हणून द्यायची. स्क्रीनशॉट मारू नका, रंग आणि साईज दोन्ही बदलू शकतात, टर्मिनलमध्ये ffmpeg नं असं काढा:

```
ffmpeg -sseof -1 -i clip.mp4 -update 1 last.png
```

हा रस्ता इमेज-टू-व्हिडिओ असलेल्या कुठल्याही टूलमध्ये चालतो, पण एका स्थिर फोटोत वेग नसतो. कॅमेरा पुढं सरकत होता का मागं, किती जोरात, हे मॉडेलला कळतच नाही, म्हणून जोडावर कॅमेरा क्षणभर थांबून परत निघाल्यासारखा दिसतो. प्रॉम्प्टमध्ये 'कॅमेरा त्याच वेगानं पुढं सरकतोय' असं लिहिलं की फरक पडतो, पूर्ण जात नाही. शिवाय नव्या क्लिपची पहिली फ्रेम तीच असते, ती एडिटमध्ये उडवा, नाहीतर तिथं बारीक झटका बसतो.

दुसरा रस्ता टूलमधलाच एक्स्टेंड. उदाहरणार्थ गूगलचं व्हिओ ३.१ शेवटचा अख्खा सेकंद बघून पुढचं बनवतं, त्यामुळं चाल आणि दिशा बरीच टिकते. चालणारा माणूस, फिरणारा कॅमेरा, वाहतं पाणी असेल तर माझं मत सरळ यालाच. पण त्या सेकंदात जे नाही ते पुढं येईलच असं नाही, माणूस फ्रेमबाहेर गेला असेल तर परत येताना चेहरा वेगळा असू शकतो, आणि आवाज त्या सेकंदात नसेल तर तोही नीट पुढं जात नाही.

मग फ्रेमवाला रस्ता कशाला? कारण मधे हात घालता येतो, आणि चपलेच्या रीलला नेमकं हेच लागतं. दोन्ही रस्त्यांत प्रत्येक नवी क्लिप आधीच्या क्लिपवरच उभी राहते, म्हणून चुका साठत जातात, कॉन्ट्रास्ट वाढतो, कातडं प्लास्टिकसारखं चकाकायला लागतं आणि वेणीचे पीळ पुसट होत होत नुसती सपाट पट्टी उरते. पहिल्या क्लिपची फ्रेम आणि ताजी फ्रेम शेजारी ठेवा, लगेच कळतं. फ्रेम हातात असली की वेणी फोटो एडिटरमध्ये खऱ्या चपलेच्या फोटोवरून दुरुस्त करून मगच पुढं देता येते, तेवढीच जागा आणि तीही हलक्या हातानं, कारण जास्त बदललं तर जोडावर उडी दिसते. शेवटची फ्रेम हलल्यामुळं अस्पष्ट असेल तर थोडी मागची स्वच्छ फ्रेम घ्या आणि जुनी क्लिप तिथंच कापा.

म्हणजे हालचाल महत्त्वाची असेल तर एक्स्टेंड, माल हुबेहूब दिसायला पाहिजे असेल तर फ्रेम, आणि वेणीसारखा शॉट हळू ठेवा, वेग कमी असला की जोड फारसा जाणवत नाही.