जाळीच्या तारा पुसायला इरेझर की लेअर मास्क?

सोलापुरात भुईकोट किल्ल्याच्या बागेत जाळीतून काढलेला भाचीचा फोटो. तिला कापून घेतलं, तरी खांद्याजवळ तारांची टोकं राहिलीच.

इरेझर पटकन होतो, पण जरा हात घसरला की ओढणीची कडही जाते. फाइल सेव्ह करून बंद केल्यावर ती परत येत नाही. म्हणून मी फोटोशॉपमध्ये मास्कच घेते: त्यावर काळं रंगवलं की फोटोचा तो भाग नुसता लपतो, पुसला जात नाही. खाली गडद लाल लेअर ठेवला की उरलेली तार लगेच दिसते. तारेच्या एका टोकाला काळ्या ब्रशने क्लिक, दुसऱ्या टोकाला Shift दाबून क्लिक: सरळ रेघ जाते. चुकलं तर X दाबून पांढऱ्याने परत आणायचं. केसांजवळ मात्र ब्रश मऊ हवा.

चेहऱ्यावरून गेलेली तार दोन्हींनी पुसली तर भोकच पडतं. तिथे शेजारची त्वचा तारेवर उतरवणारा क्लोन स्टॅम्प लागतो.