दुसऱ्या खात्याच्या साहेबांना आधी विचारायचं: तोंडी की मेलवर?

अंतर्गत बदलीचा फॉर्म भरण्याआधी त्या खात्याच्या मॅनेजरला एकदा विचारून घ्यावं, हे आता बहुतेकांना पटलेलं असतं. अडतं ते विचारायचं कसं यावर. साताऱ्याच्या एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीला होतो आणि पीपीसीत, म्हणजे प्लॅनिंगला, जायचं होतं. एकदा तोंडी विचारलं, अडीच वर्षांनी मेल टाकून विचारलं. त्या अनुभवावरूनच लिहितोय. तुमच्या कंपनीत थोडं वेगळं असू शकेल.

तोंडी विचारण्याची बाजू खरोखरच भक्कम आहे. समोरच्याचा चेहरा दिसतो, जागा रिकामी आहे की आधीच कुणाला शब्द दिलाय हे दोन वाक्यांत कळतं. ज्यांच्याबरोबर आधी काम केलंय अशा साहेबांना एकदम मेल टाकला तर परक्यासारखंही वाटतं. म्हणून पहिल्या वेळी मी दुपारी तीनला, शिफ्ट बदलताना, पीपीसीच्या साहेबांना कँटीनच्या दारात गाठलं. ते म्हणाले, "बघू की, जागा निघाली की ये." बोलणं एवढंच झालं, आणि मी खूश होऊन मशीनवर गेलो.

संध्याकाळी सातच्या चहाला आमच्या लाइनचा ऑपरेटर विचारतो, "काय रं, क्वालिटी सोडून चाललास म्हणं?" दुसऱ्या दिवशी हेच आमच्या साहेबांपर्यंत गेलं, आणि तिथे पोचेपर्यंत त्याचं "क्वालिटीत त्याला आता राहायचं नाही" असं झालं होतं. महिन्याभराने इंटर्नल ऑडिटरच्या ट्रेनिंगची यादी लागली, त्यात माझं नाव नव्हतं. साहेबांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "तू जाणारच आहेस ना, मग राहणाऱ्याला पाठवलं." त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कानावर जे आलं त्यावरून त्यांनी ठरवलं. मला खुपलं ते हे, की मी बोललेलं वाक्य कुठेच शिल्लक नव्हतं, सगळीकडे दुसऱ्यांची वाक्यं फिरत होती. ती खोडायला माझ्याकडे काही नव्हतं. प्लॅनिंगची जागा त्या वर्षी निघालीच नाही, ट्रेनिंग मात्र गेलं.

व्हॉट्सअॅपचं थोडक्यात सांगतो. नंबर तिसऱ्याकडून घ्यावा लागतो, म्हणजे बातमी तिथेच एकाला कळते. साहेब मेसेज लग्नाच्या मांडवात वाचतात आणि विसरून जातात. मी तरी तो मार्ग धरणार नाही.

दुसऱ्या वेळी मेल टाकला. आमच्याकडे मेल इंग्रजीत जातात. मराठीत त्याचा मजकूर असा होता:

"नमस्कार सर. मी क्वालिटीत चार वर्षं इन-प्रोसेस इन्स्पेक्शन बघतो. आपल्या खात्यात प्लॅनिंग इंजिनिअरची जागा निघणार असल्याचं समजलं. मी अजून अर्ज केलेला नाही. त्याआधी रोजचं काम कसं असतं आणि आपल्याला कसा माणूस हवा आहे, हे समजून घ्यायचं होतं. शिफ्टचा रिजेक्शनचा आकडा उशिरा पोचला की दुसऱ्या दिवशीचा प्लॅन चुकतो, हे मी आमच्या बाजूने पाहतो. त्यासाठी केलेली एक एक्सेल शीट दाखवता येईल. या आठवड्यात १५ मिनिटं मिळतील का? पुढे जायचं ठरलं तर अर्जाआधी आमच्या सरांशी मी स्वतः बोलणार आहे."

यात पगार नाही, ग्रेड नाही. शिफ्टला कंटाळलो हेही नाही, खरं तर कंटाळलो होतो. पगार-ग्रेड एचआरचा विषय. आणि कंटाळा वाचून समोरच्याला वाटतं, हा माझ्याकडे येतोय असं नाही, तिकडून पळतोय. बायोडेटाही जोडला नाही, कारण बायोडेटा जोडला की साधी चौकशीच अर्ज होऊन बसते.

सगळ्यात जास्त वेळ शेवटच्या वाक्याला लागला. मित्र म्हणत होता, "कृपया हे गोपनीय ठेवा" असं लिही. ते मला पटलं नाही. त्याने समोरच्या साहेबांवर आपल्याच बरोबरीच्या मॅनेजरपासून काही लपवण्याची वेळ येते. शिवाय आमच्या फॉर्मवर सध्याच्या साहेबांची सही लागते आणि आधीच्या कामावर १८ महिने झालेले असावे लागतात. तुमच्याकडचा नियम आधी बघून घ्या. सही लागणार असेल तर साहेबांना कळणारच, फक्त कुणाकडून आणि कुठल्या शब्दांत, एवढंच आपल्या हातात राहतं.

मेलचीही दुखणी आहेत. विषयाच्या ओळीत "बदलीबाबत" लिहू नका. सकाळच्या मीटिंगला साहेबांचा लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडलेला असतो आणि कोपऱ्यात नोटिफिकेशन येतं. मी "प्लॅनिंगच्या कामाबद्दल १५ मिनिटं" एवढंच लिहिलं. दुसरं, आमच्या अॅड्रेस बुकात पाटील सहा आहेत आणि जाधव पाच. नाव टाइप केल्यावर पहिलं जे सुचवलं जातं ते न घेता खातं वाचून मगच पाठवा. आणि उत्तर न येणं हेही होतं. पाच दिवस थांबून केबिनमध्ये जावं आणि "सर, एक मेल टाकला होता" म्हणावं. तेव्हा ते बोलणं तोंडी असलं तरी त्याला खाली कागद असतो.

मला तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, गुरुवारी चार वाजता ये म्हणून. मी तीन गोष्टी विचारल्या. जागा नवी आहे की कोणी सोडून चाललंय? तिला मंजुरी आली आहे का? आणि कुणी आधीच मनात आहे का? जागा सोडून जाणाऱ्याची होती, मंजूर होती, मनात कोणी नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, "ईआरपीत एमआरपी चालवलंय का कधी?" एमआरपी म्हणजे कुठला माल किती आणि कधी लागेल याचा ईआरपी सॉफ्टवेअरने काढलेला हिशेब. मी नाही म्हणालो. हे जाहिरातीत कुठेच आलं नसतं. फॉर्म निघायला तीन आठवडे होते, तेवढ्यात स्टोअर्सच्या एका दादाजवळ बसून बीओएम, म्हणजे एका वस्तूला लागणाऱ्या भागांची यादी, कशी वाचायची आणि एमआरपीने काढलेली मागणी कुठे बघायची, एवढं शिकून घेतलं.

चाळीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये, जिथे साहेब मेल उघडतच नाहीत, तिथे तोंडीच विचारावं लागेल हे मान्य. तिथेही कँटीन टाळून केबिन गाठा, आणि जमलं तर संध्याकाळी दोन ओळी लिहून पाठवा.

गुरुवारच्या भेटीनंतर शुक्रवारी सकाळी आमच्या साहेबांकडे गेलो. काय बोलायचं ते रात्री घोकलं होतं. आत गेलो तर त्यांच्या स्क्रीनवर माझाच मेल उघडा होता, पीपीसीच्या साहेबांनी आदल्या संध्याकाळी पुढे पाठवलेला. त्यांनी शेवटची ओळ मोठ्याने वाचली, "अर्जाआधी आमच्या सरांशी मी स्वतः बोलणार आहे." मग समोरची खुर्ची दाखवली आणि म्हणाले, "बस. ऑडिट झाल्यावर सोडलं तर चालेल का, ते सांग."