ट्यूबलाइटखालचे हिरवट चेहरे: ग्रे कार्ड की टिंट स्लायडर?

ट्यूबलाइटच्या प्रकाशात हिरव्याचा भाग जास्त असतो, म्हणून वर्गातल्या फोटोत मुलांचे चेहरे आजारी दिसतात.

एक उपाय फोटोआधीचा: ग्रे कार्ड चेहऱ्यांजवळ धरून त्याचा फोटो घ्यायचा आणि त्यावरून कॅमेऱ्यात कस्टम व्हाइट बॅलन्स लावायचा. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. १/५०० ला प्रत्येक फोटोचा रंग थोडा वेगळा येतो आणि कार्ड फुकट जातं.

दुसरा उपाय नंतरचा: एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रॉ फोटोचा Tint स्लायडर मजेंटाकडे सरकवायचा. नजर गणवेशाच्या पांढऱ्या शर्टावर ठेवा. तो गुलाबी वाटला की थोडं मागे या. जेपेगमध्ये इतकी दुरुस्ती सहसा पेलत नाही, त्वचा डागाळते.

मी कार्डच निवडते. फक्त खिडकीतून उजेड येत असेल तर नाही, कारण मग ट्यूबखालचे चेहरे सुधारतात आणि खिडकीजवळची मुलं गुलाबी होतात. तिथे एडिटिंगमध्ये मास्क लावून ट्यूबखालच्या चेहऱ्यांपुरताच हिरवा काढावा. उजेड पुरेसा असेल, तर मी सरळ ट्यूब बंद करायला सांगते.